पुस्तक माझं, हक्क कुणाचे? पहिल्या करारावर सही करण्याआधी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा दौंड-पुणे लोकलमध्ये रेंज जाते म्हणून एपिसोड अर्धवट राहतो, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना जे पाल्हाळ लागलं होतं ते थोडं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

विषय आलाय शिरूर तालुक्यातल्या एका श्रोत्या ताईकडून. वय पंचवीस, पहिली कादंबरी लिहून पूर्ण, आणि एका प्रकाशकानं "छापतो" म्हणून सांगितलंय. तिनं करारनाम्याचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. प्रकाशकाचं नाव तिनंच झाकलं होतं, ते बरं केलं. खाली एकच प्रश्न होता: "दादा, दहा टक्के रॉयल्टी देतायत. चांगलीये ना? करू का सही?"

ताई, दहा टक्के वाईट नाही. पहिल्या पुस्तकाला मराठीत साधारण एवढीच ऑफर येते. पण मी तुझा मसुदा दोनदा वाचला आणि माझं डोकं अडकलं ते दुसऱ्याच ओळीवर. कलम चार. तिथं लिहिलंय: "सदर पुस्तकाचे सर्व हक्क, सर्व भाषांत, सर्व माध्यमांत, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी प्रकाशकाकडे राहतील." टक्क्यांचं आपण नंतर बघू. आधी ही ओळ.

खरेदीखत की खंडानं दिलेली जमीन?

आपल्याकडे जमिनीची भाषा सगळ्यांना कळते, म्हणून तीच वापरतो. समजा तुझ्या नावावर घोड नदीच्या काठाला दोन एकर आहे. ती तू दोन प्रकारे दुसऱ्याच्या हातात देऊ शकतेस. एक, खरेदीखत करून. मग सातबाऱ्यावर नाव त्याचं. दोन, खंडानं. तीन वर्षं तो कसेल, ठरलेले पैसे देईल, मुदत संपली की जमीन परत तुझी, आणि सातबाऱ्यावर नाव सगळा वेळ तुझंच.

पुस्तकाचंही असंच असतं. हक्क कायमचे लिहून देणं, याला कायद्यात हक्कांचं हस्तांतरण म्हणतात. आणि ठराविक कामासाठी, ठराविक काळासाठी परवानगी देणं म्हणजे लायसन्स, परवाना. तुझ्या मसुद्याचं मथळ्यात नाव आहे "प्रकाशन परवाना करार", आणि आत कलम चारमध्ये चक्क खरेदीखत. मथळा वाचून सही करणारे इथंच फसतात. मथळ्याला फारसा अर्थ नसतो, आत काय लिहिलंय ते धरलं जातं.

आता "कॉपीराइटची संपूर्ण मुदत" म्हणजे किती? भारतात लेखक जिवंत असेपर्यंत, आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं. साने गुरुजींचं उदाहरण घ्या. गुरुजी गेले ११ जून १९५० ला. मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते, म्हणजे १९५१ पासून ६० वर्षं, आणि २०१० च्या शेवटी मुदत संपली. म्हणून आज 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं, आणि पुस्तक प्रदर्शनात तुम्हाला वेगवेगळ्या प्रकाशनांच्या आवृत्त्या शेजारीशेजारी दिसतात.

आता तुझा हिशेब कर. तू पंचवीसची. ऐंशी वर्षं जगलीस असं धरलं तर अजून ५५ वर्षं, वर ६०. एकशे पंधरा वर्षं! पाचशे प्रती छापणाऱ्या प्रकाशकाला तू एकशे पंधरा वर्षांचा कागद लिहून देत्येस. तुझ्या नातवंडांनाही त्यात काही बोलता येणार नाही.

गंमत अशी की कायदा लेखकाच्या बाजूनं आहे, पण फक्त कागद गप्प असेल तेव्हा. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं कलम १९. ते म्हणतं, करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरायचा. आणि ज्याला हक्क दिले त्यानं एका वर्षात ते वापरलेच नाहीत, तर ते हक्क संपले असं समजायचं. किती छान ना? पण करारात वेगळं काही लिहिलं असेल तर लिहिलेलं चालतं. म्हणजे "संपूर्ण मुदतीसाठी" हे तीन-चार शब्द नसते, तर तुझी कादंबरी पाच वर्षांनी आपोआप तुझ्याकडे आली असती. जुन्या लेखकांचे हाताने लिहिलेले अर्ध्या पानाचे करार कधीकधी आजच्या आठ पानी करारांपेक्षा लेखकाला सोयीचे ठरतात, ते याचमुळे.

एक वर्षाच्या नियमावरही तुझ्या मसुद्यात पाणी टाकलंय. कलम सहा: "प्रकाशनाचा कालावधी प्रकाशक आपल्या सोयीने ठरवेल." म्हणजे तीन वर्षं फाइल पडून राहिली तरी तू काही म्हणायचं नाही. तिथं सरळ लिहून घे की करारापासून बारा महिन्यांत पुस्तक आलं नाही तर करार रद्द, आणि आगाऊ घेतलेले पैसे असतील तर ते लेखकाकडेच राहतील.

दहा टक्के, पण कशाचे?

आता टक्क्यांकडे येऊ. तुझ्या मसुद्यात आहे: "प्रत्यक्ष प्राप्त झालेल्या निव्वळ रकमेवर १० टक्के." ऊस घालणाऱ्या घरातल्या पोरांना हे पटकन कळेल. एफआरपीचा आकडा पेपरात एक येतो, आणि तोडणी-वाहतूक वजा होऊन खात्यावर दुसरा येतो. दर तोच, हातात येणारी रक्कम वेगळी.

पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये धरू. दहा टक्के छापील किमतीवर असतील तर प्रतीमागे तुला ३० रुपये. पण प्रकाशक वितरकाला समजा ४० टक्के सूट देतो. मग त्याच्या हातात येतात १८० रुपये, आणि त्याचे दहा टक्के म्हणजे १८. सहाशे प्रती विकल्या तर एकीकडे १८,००० आणि दुसरीकडे १०,८००. आणि "निव्वळ" या शब्दाची व्याख्याच करारात नसेल, तर उद्या पॅकिंग, कुरिअर, प्रदर्शनातलं स्टॉलभाडं असं सगळं त्यातून वजा होऊ शकतं.

याचा अर्थ निव्वळवर रॉयल्टी देणारा प्रकाशक लबाड, असं मी म्हणत नाही. कागद, छपाई, मुखपृष्ठ, गोदाम हे सगळं त्याच्या खिशातून जातं आणि दुकानदाराकडून पैसे यायला महिनेन्‌महिने लागतात. त्याला निव्वळच हवं असेल तर ठीक, पण मग टक्का वाढव. ३० रुपये हे १८० चे जवळपास १७ टक्के होतात. म्हणजे "छापील किमतीवर दहा किंवा निव्वळवर सतरा" हे दोन्ही एकच आहे, हे त्याच्यासमोर कागदावर मांड. घासाघीस होऊन चौदा-पंधराला थांबलात तरी तुला कळलेलं असेल आपण कुठं थांबलो. आणि निव्वळची व्याख्या एका वाक्यात लिहून घे: छापील किंमत वजा विक्रेत्याला दिलेली सूट, बाकी काही वजा नाही.

हिशेब कधी आणि कसा मिळेल हेही हवं. तुझ्या मसुद्यात "वेळोवेळी" असा शब्द आहे. वेळोवेळी म्हणजे कधीच नाही. डेअरीवर दूध घातलं की स्लिप मिळते ना, लिटर किती, फॅट किती, दर किती? तशी वर्षातून एकदा स्लिप पाहिजे. मार्चअखेरचा हिशेब जूनअखेरपर्यंत. त्यात सुरुवातीचा साठा, नव्यानं छापलेल्या प्रती, विकलेल्या, परत आलेल्या, भेट दिलेल्या आणि शेवटचा साठा. हे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. छापल्या पाचशे, विकल्या तीनशे, भेट वीस, आणि गोदामात शिल्लक शंभर असं कागद म्हणत असेल, तर ऐंशी प्रती कुठं गेल्या हे विचारायला तुला वकील लागत नाही.

(इथं एपिसोडमध्ये एकानं लाइव्ह विचारलं होतं, "प्रकाशक म्हणतोय चाळीस हजार तुम्ही भरा, मग छापतो, आणि दहा टक्के रॉयल्टी." अहो, छपाईचा खर्च तुम्ही केलात तर तुम्ही लेखकही आणि गुंतवणूकदारही. मग दहा टक्के कसले? अशा वेळी हक्क पूर्ण तुमच्याकडे आणि त्याला विक्रीवर कमिशन, असा उलटा करार व्हायला हवा. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये स्वतःचा छापखाना होता, बायकाच तो चालवायच्या. स्वतः छापायचं ही काही नवी गोष्ट नाही. फक्त पैसे तुमचे आणि हक्क त्याचे, हे गणित धरू नका.)

पुस्तक परत कसं येतं

आता मुख्य मुद्दा. खूप जणांना वाटतं की पुस्तक विकलं गेलं नाही तर ते संपलं. खरा त्रास वेगळाच असतो. पुस्तक थोडं विकलं जातं, मग थांबतं, आणि थांबलेल्या अवस्थेत दुसऱ्याच्या ताब्यात राहतं.

तुझ्या कादंबरीचं एक कल्पित आयुष्य बघू. पाचशे प्रती छापल्या. पहिल्या वर्षी ३८० गेल्या, मित्रमंडळी, कॉलेज, दोन-तीन वाचनालयं. दुसऱ्या वर्षी ७०. तिसऱ्या वर्षी १२. गोदामात उरल्या ३८. प्रकाशक म्हणतो, मागणी नाही, दुसरी आवृत्ती परवडत नाही. त्याचंही बरोबर आहे. पण सहाव्या वर्षी तुझी दुसरी कादंबरी गाजली आणि लोक पहिली शोधायला लागले तर? दुसरा प्रकाशक ती काढायला तयार आहे, पण तुझ्याकडे द्यायला हक्कच नाहीत.

जुन्या करारांत यावर एक वाक्य असायचं: पुस्तक उपलब्ध नसेल तर हक्क लेखकाकडे परत. पूर्वी ते पुरेसं होतं, कारण आवृत्ती संपली की पुस्तक दुकानातून दिसेनासं व्हायचं. आज ई-बुक कधीच संपत नाही. आणि मागणीनुसार छपाई आल्यापासून कुणी एक प्रत मागवली तरी एक प्रत छापून पाठवता येते. म्हणजे कागदोपत्री पुस्तक कायम "उपलब्ध". वर्षाला दोन प्रती विकून हक्क एकशे पंधरा वर्षं अडवून ठेवता येतात.

म्हणून हक्क परत येण्याचं कलम "उपलब्ध आहे का" यावर बांधायचं नाही, "किती विकलं गेलं" यावर बांधायचं. मी ताईला हे वाक्य लिहून पाठवलं, तुम्हीही उचलू शकता, आकडे आपापल्या पुस्तकाप्रमाणे बदला:

"पुस्तक प्रकाशित झाल्यानंतर सलग दोन हिशेबवर्षांत छापील व ई-बुक मिळून दरवर्षी ५० पेक्षा कमी प्रती विकल्या गेल्यास लेखक प्रकाशकास लेखी नोटीस देऊ शकेल. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत प्रकाशकाने किमान ३०० प्रतींची नवी आवृत्ती न काढल्यास या करारान्वये दिलेले सर्व हक्क लेखकाकडे आपोआप परत येतील."

यात "आपोआप" हा शब्द सोडू नका. तो नसेल तर प्रकाशकाच्या सहीची वाट बघत बसावं लागतं, आणि जो नोटिशीला उत्तर देत नाही तो सही काय देणार?

हे कलम चाललं, हक्क परत आले, तरी काही गोष्टी परत येत नाहीत हे माहीत असू द्या. मुखपृष्ठ ज्या चित्रकाराचं आहे किंवा ज्यानं ते विकत घेतलंय त्याचं राहतं, त्यामुळे नव्या आवृत्तीला नवं मुखपृष्ठ. आयएसबीएन प्रकाशकाच्या नावावर असतो, तो वापरता येत नाही, नवा घ्यायचा. उरलेल्या ३८ प्रतींचं काय, हेही आधीच लिहा: सहा महिन्यांत विकाव्यात, त्यावर रॉयल्टी द्यावी, किंवा लेखकाला निम्म्या किमतीत विकत घेऊ द्याव्यात. आणि ई-बुक तीस दिवसांत सगळ्या ॲपवरून उतरवायचं. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि मग एकाच पुस्तकाची दोन ई-बुकं दोन किमतींना फिरत राहतात.

हे सगळं मोठ्या लेखकांपर्यंत जातं का? जातं. हिंदीतले विनोदकुमार शुक्ल घ्या, रायपूरचे, 'दीवार में एक खिड़की रहती थी' या कादंबरीला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार. २०२२ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की आपल्याला मिळणारी रॉयल्टी अगदी तुटपुंजी आहे, आणि पुस्तकांचे हक्क परत हवेत. पुढे तीच कादंबरी दुसऱ्या प्रकाशनाकडून, हिंद युग्मकडून आली. २०२५ मध्ये त्यांना तिच्या सुमारे सहा महिन्यांच्या विक्रीपोटी ३० लाख रुपयांची रॉयल्टी मिळाल्याची बातमी तुमच्याही रीलमध्ये आली असेल. पुस्तक तेच, पानंही तीच. असं प्रत्येकाचं होणार नाही, हे उघड आहे. पण ज्याचे हक्क हातात नाहीत त्याला ही संधी घेताच येत नाही.

बाकीचे हक्क

राहिले उपहक्क. म्हणजे मराठी छापील पुस्तक सोडून त्याच मजकुराचं जे जे होऊ शकतं ते: भाषांतर, ऑडिओबुक, नाटक, सिनेमा, वेबसिरीज, एखादा उतारा पाठ्यपुस्तकात.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आली १९५५ मध्ये. तिचं इंग्रजी भाषांतर आलं १९५८ ला. आणि अमोल पालेकरांचा सिनेमा आला १९९५ ला, पुस्तकानंतर चाळीस वर्षांनी. लहानशी कादंबरी, पण तिची तीन आयुष्यं झाली, आणि प्रत्येक आयुष्य वेगळ्या माणसानं वेगळ्या काळात उभं केलं. पहिल्या पुस्तकाच्या करारावर सही करताना चाळीस वर्षांनंतरचा दिग्दर्शक कुणाला दिसत नाही. म्हणूनच तो हक्क तेव्हा देऊन टाकायचा नसतो.

मी एक साधा प्रश्न विचारतो: हा प्रकाशक हे काम स्वतः करतो का? तो ऑडिओबुक काढतो का, की पुढं एखाद्या ॲपला विकणार? त्याच्याकडे भाषांतरं करून घेणारी, इतर भाषांतल्या प्रकाशकांशी बोलणारी माणसं आहेत का? असतील तर त्याला ते हक्क दे, आणि येणाऱ्या पैशाची वाटणी लिही. भाषांतराला निम्मं-निम्मं ही बऱ्यापैकी रूढ वाटणी आहे. नसतील, तर हक्क देऊन उपयोग काय? न कसणाऱ्याला जमीन खंडानं कोण देतं? सिनेमा आणि वेबसिरीज पहिल्या करारात नकोतच. प्रकाशक फारच अडून बसला, तर "आणून दिलेल्या सौद्यावर १० ते २० टक्के, तेही लेखकाच्या लेखी संमतीनंतर" एवढ्यावर थांब.

ताईच्या मसुद्यात आणखी एक शब्दप्रयोग आहे: "सध्याच्या व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत." यावर २०१२ च्या दुरुस्तीनं लेखकाला एक आधार दिलाय. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याला तो करार लागू होत नाही, करारात त्या माध्यमाचा खास उल्लेख असेल तरच होतो. म्हणजे मोघम "भविष्यातील सर्व" लिहून भागत नाही. पण यावर विसंबून राहू नकोस, कारण ऑडिओबुक, ई-बुक, ओटीटी ही सगळी आजचीच माध्यमं आहेत. "सर्व माध्यमांत" या शब्दांत ती आरामात बसतात.

मग कलम चारचं करायचं काय? खोडायचं आणि त्या जागी लिहायचं: मराठी भाषेतील छापील पुस्तक व ई-बुक, भारतात, पाच वर्षांसाठी. आणि खाली एक ओळ, जी मला अख्ख्या करारात सगळ्यात मोलाची वाटते: "या करारात स्पष्टपणे न दिलेले सर्व हक्क लेखकाकडे राखीव राहतील." सोबत कॉपीराइट पानावर © चिन्हापुढे तुझंच नाव छापलं जाईल हेही लिहून घे. घरातली चार मराठी पुस्तकं उघडून ते पान बघ, कुठं लेखकाचं नाव आहे, कुठं प्रकाशकाचं, कुठं लेखकाच्या पत्नीचं. बघितलं की लक्षात येईल की हे सगळं ठरवता येतं.

आता व्यवहारातलं. मसुदा बदलायला सांगितलं की प्रकाशक चिडेल, पुस्तक हातचं जाईल, ही भीती ताईनं बोलून दाखवली. म्हणून पंधरा गोष्टी मागू नकोस. मुदत, विक्रीवर बांधलेली परतीची अट, आणि राखीव हक्कांची ओळ, या तीनच माग. टक्क्यांवर थोडं मागं येता येतं, या तिन्हींवर नाही. बारा वर सही आणि दहा वर सही यातला फरक काही हजारांचा आहे. मुदतीतला फरक शंभर वर्षांचा आहे. फोनवर "होईल ओ ताई, आपण काय परके का" असं उत्तर आलं, तर गोड बोलून ईमेलवरच मागायचं, कारण फोनवरचं होईल कराराला चिकटत नाही.

आणि ज्यांनी आधीच अशा करारावर सही केलीय, त्यांच्यासाठी. आधी करारातली मुदत बघा. मुदत लिहिलेलीच नसेल आणि पाच वर्षं उलटली असतील, तर हक्क तुमच्याकडे आलेत, तसं प्रकाशकाला लेखी कळवा. करारात काही वेगळं लिहिलेलं नसेल आणि पुस्तक वर्षभरात आलंच नसेल, तरी तसंच. लेखकाच्या चुकीशिवाय प्रकाशक दिलेले हक्क पुरेसे वापरत नसेल, तर कलम १९-अ खाली तक्रार करून हस्तांतरण रद्द करून मागता येतं. २०२१ पासून ही प्रकरणं कमर्शियल कोर्टात जातात. मात्र करार जाचक आहे एवढ्या कारणावर पहिली पाच वर्षं तो रद्द होत नाही. तिथवर जायची वेळ बहुतेकदा येत नाही. आधी एक साधं पत्र: पुस्तकाचं नाव, कराराची तारीख, आजवरचा विक्रीचा हिशेब तीस दिवसांत द्यावा ही मागणी, आणि हक्क परत करण्याची विनंती. ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टनंही पाठवा. पोस्टाची पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट त्याच फोल्डरमध्ये ठेवा, ज्यात कराराचा फोटो आहे. कराराचा फोटोच नसेल तर पत्रात पहिली मागणी त्याच्या प्रतीची करा.